आधीचा दिवस यादीत आहे का?

एखाद्या गावात पावसाळ्यात एकूण किती मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा पेपरात छापून येतो. शेतात काय झालं ते मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. तेवढाच पाऊस महिनाभर विखरून पडला तर पीक तरारतं आणि सलग पाच दिवसांत कोसळला तर मुळाशी पाणी साचून तेच पीक पिवळं पडतं. म्हणून हवामानाच्या अभ्यासात एकूण पावसाबरोबर आणखी एक गोष्ट पाहतात, ती म्हणजे सलग जास्तीत जास्त किती दिवस पाऊस पडला. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो तो 'पावसाचा दिवस', आणि दिवस मोजायचा तो सकाळी साडेआठपासून दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंत.

आता अशी कल्पना करा की पर्जन्यमापकाच्या वहीची सुटी पानं तीन-चार जणांनी वाटून घेऊन संगणकात भरली आहेत. त्यामुळे पावसाच्या दिवसांची यादी आहे, पण क्रम नाही. जुलैच्या नोंदीनंतर ऑगस्टची नोंद, मग पुन्हा जुलै, आणि एखादं पान दोघांनीही भरल्यामुळे तोच दिवस दोनदा. या विस्कटलेल्या यादीतून सर्वांत लांब सलग साखळी शोधायची आहे. संगणकशास्त्रात हा प्रश्न अगदी उघड्यावाघड्या रूपात विचारतात: पूर्णांकांची एक अस्ताव्यस्त यादी दिली आहे, तिच्यातल्या सलग पूर्णांकांची सर्वांत लांब साखळी किती लांबीची? आणि अट अशी की वेळ यादीच्या लांबीच्या प्रमाणातच लागला पाहिजे. यादी दुप्पट झाली तर काम दुप्पट व्हावं, त्याहून जास्त नाही. नोकरीच्या मुलाखतींत हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि उत्तराचा कोड जेमतेम दहा ओळींचा आहे. त्या दहा ओळी पाठ करणारे पुष्कळ आहेत. त्या तशाच का आहेत, एखादी ओळ जराशी हलवली तर काय कोसळतं, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

पहिलं काम तारखांचे आकडे करण्याचं. हे क्षुल्लक वाटतं, पण उत्तर चुकतं ते बहुधा इथेच. तारीख २०२५०७३१ अशी आठ अंकी संख्या म्हणून ठेवली तर ३१ जुलैनंतर १ ऑगस्टचा आकडा २०२५०८०१ येतो, म्हणजे एकाच रात्रीत सत्तरची उडी. प्रत्यक्षात सलग असलेले दोन दिवस संगणकाच्या लेखी तुटले आणि महिनाअखेरीवरून पुढे जाणारी प्रत्येक साखळी अर्धी झाली. उपाय असा की दिवस एका ठरावीक आरंभापासून मोजायचे. खगोलशास्त्रज्ञ याच कामासाठी ज्युलियन दिनांक वापरतात. त्यात १ जानेवारी २००० या दिवसाचा क्रमांक २४५१५४५ आहे आणि पुढचा प्रत्येक दिवस एकाने वाढत जातो, महिना आणि वर्ष कुठेही आड येत नाहीत. आपल्याला एकाच पावसाळ्यापुरतं काम आहे, तेव्हा वर्षातला कितवा दिवस एवढं पुरे. लीप वर्ष नसेल तर १ जुलै हा १८२ वा दिवस, ३१ जुलै २१२ वा आणि १ ऑगस्ट २१३ वा.

समजा यादीत या क्रमाने दहा नोंदी आल्या: २१२, १९६, २१४, २१०, १९७, २१२, २३०, २१३, १९५, २११. सहावी नोंद पहिलीचीच पुनरावृत्ती आहे.

कुणालाही पहिल्यांदा सुचेल ते क्रमाने लावून घेणं. चढत्या क्रमाने लावलं की १९५, १९६, १९७, मग २१०, २११, २१२, २१२, २१३, २१४ आणि शेवटी २३०. एकदा डोळे फिरवले की दिसतं, २१० ते २१४ म्हणजे २९ जुलै ते २ ऑगस्ट असे सलग पाच दिवस. ही पद्धत बरोबर आहे आणि दहा नोंदींसाठी तिच्यात काहीच वावगं नाही. पण क्रम लावण्याचं मोल यादीच्या लांबीपेक्षा वेगाने वाढतं. दोन आकड्यांची तुलना एवढंच हत्यार हातात असेल, तर दहा लाख वेगवेगळे आकडे लावायला सर्वांत प्रतिकूल परिस्थितीत किमान १ कोटी ८५ लाखांच्या आसपास तुलना कराव्याच लागतात. कोणी कितीही हुशार पद्धत काढली तरी यातून सुटका नाही. कारण दहा लाख आकडे जितक्या वेगवेगळ्या क्रमांत येऊ शकतात ती संख्या अवाढव्य आहे आणि एका तुलनेचं 'हो' किंवा 'नाही' हे उत्तर त्यातल्या फार तर निम्म्या शक्यता बाद करण्याची हमी देतं.

आपल्याला मात्र क्रम नकोच होता. २३० हा दिवस २१४ नंतर येतो, १९७ हा २१० च्या आधी येतो, ही माहिती क्रम लावताना आपण मेहनत करून मिळवली आणि पुढे तिचा काहीही उपयोग केला नाही. साखळीचा प्रश्न फक्त शेजाऱ्यांचा आहे. २१२ ला २१३ शेजारी आहे का, एवढंच विचारायचं आहे. १९५ आणि २३० यांच्यात मोठं कोण, हे या प्रश्नाला कळण्याची गरजच नाही. म्हणून असं साधन हवं की ज्याला कुठलाही आकडा विचारला तर तो यादीत आहे की नाही हे ते तत्काळ सांगेल.

वर्षातल्या दिवसांपुरतं असं साधन अगदी सोपं आहे. ३६६ चौकोनांचा तक्ता आखा आणि ज्या दिवशी पाऊस पडला त्या चौकोनात खूण करा. २१३ बद्दल विचारायचं तर थेट त्याच चौकोनाकडे पाहायचं, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघावं लागत नाही. एकाच वर्षाच्या पावसासाठी मी हाच तक्ता वापरेन, त्याहून काही मोठं आणण्याची गरज नाही. अडचण येते ती आकड्यांचा पल्ला मोठा झाला की. यादी दहा अंकी क्रमांकांची असेल तर तक्त्याला एक हजार कोटी चौकोन लागतील आणि खुणा असतील त्यातल्या काही हजारांवर. बाकी सगळी जागा रिकामीच.

हॅश सेट म्हणजे हाच तक्ता, पण घडी घालून लहान केलेला. समजा आपल्याजवळ फक्त तेरा खण आहेत, शून्यापासून बारापर्यंत क्रमांक दिलेले. आलेल्या आकड्याला तेराने भागायचं आणि बाकी उरेल त्या खणात तो ठेवायचा. २१२ ला तेराने भागलं की बाकी ४, म्हणून तो खण ४ मध्ये. २१३ खण ५ मध्ये, २१४ खण ६ मध्ये, २३० खण ९ मध्ये. पुढे कुणी '२१३ आहे का?' असं विचारलं तर पुन्हा तोच भागाकार करायचा, थेट खण ५ उघडायचा आणि आत पाहायचं. यादी कितीही लांब असली तरी भागाकार एकच. आकडा कुठे ठेवला आहे हे शोधावं लागत नाही, कारण त्याचा पत्ता त्या आकड्यातूनच निघतो.

घडी घातल्यावर दोन आकडे एकाच खणात येणारच. आपल्या यादीत १९७ आणि २१० या दोघांचीही बाकी २ आहे. याला टक्कर म्हणतात. अशा वेळी दोन्ही आकडे त्याच खणात एकापाठोपाठ ठेवतात, किंवा दुसऱ्याला ठरलेल्या नियमाने जवळचा रिकामा खण देतात. विचारणा आली की आत एकाऐवजी दोन आकडे तपासावे लागतात, इतकंच. आकडे वाढून खण भरत आले की खणांची संख्या वाढवायची आणि सगळे आकडे नव्याने वाटायचे. हे पुनर्वाटप दर वेळी खण साधारण दुप्पट करून केलं, तर त्याचा एकूण खर्च सगळ्या आकड्यांवर विभागून प्रत्येकी एका लहानशा ठरावीक मर्यादेत राहतो. आयबीएम कंपनीतले हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात खणांची ही कल्पना मांडली होती. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा पडताळा-अंक ज्या सूत्राने काढतात, तेही याच लून यांचं.

साधन मिळालं. आता ते वापरायचं कसं?

सगळे आकडे सेटमध्ये टाकले. दोनदा आलेला २१२ आत एकदाच राहतो, कारण सेटला एखादी गोष्ट आहे किंवा नाही एवढंच ठाऊक असतं, किती वेळा ते नाही. आता प्रत्येक आकड्यापासून पुढे चालत जावं असं वाटतं. २१२ घ्या, २१३ आहे का, आहे, २१४ आहे का, आहे, २१५ नाही, लांबी तीन. मग १९६ घ्या आणि असंच चाला. उत्तर बरोबर येईल, पण चालणं फार होईल. २१० पासून चालताना २११, २१२, २१३, २१४ ओलांडले. पुढे २११ पासून निघालो की तीच वाट पुन्हा चालायची, २१२ पासून पुन्हा. यादीत एक ते एक लाख हे सगळेच आकडे असले तर पहिल्यापासून एक लाख विचारणा, दुसऱ्यापासून ९९,९९९, तिसऱ्यापासून ९९,९९८. सगळी बेरीज पाचशे कोटींच्या वर जाते. क्रम लावून सहज सुटणारं काम आपण हॅश सेट आणून उलट कैकपटींनी महाग करून ठेवलं.

सुटका करणारा प्रश्न एकच आहे आणि तो मागे वळून विचारायचा आहे: याच्या आधीचा आकडा यादीत आहे का? असेल, तर हा आकडा साखळीच्या मधला किंवा शेवटचा आहे; साखळी त्याच्या आधीच सुरू झाली आहे, तेव्हा इथून चालायचं कारण नाही, सोडून द्या. आधीचा नसेल, तर हीच साखळीची पहिली कडी. चालायचं ते फक्त इथूनच.

आपली यादी या पद्धतीने शेवटपर्यंत पाहू. २१२ घेतला, २११ आहे, सोडला. १९६ घेतला, १९५ आहे, सोडला. २१४ घेतला, २१३ आहे, सोडला. २१० घेतला, २०९ नाही, म्हणजे ही पहिली कडी. आता चालायचं: २११ आहे, २१२ आहे, २१३ आहे, २१४ आहे, २१५ नाही. पाच विचारणा झाल्या आणि लांबीही पाच. १९७ सोडला, कारण १९६ आहे. २३० घेतला, २२९ नाही, पहिली कडी, २३१ नाही, एक विचारणा, लांबी एक. २१३ सोडला. १९५ घेतला, १९४ नाही, पहिली कडी. १९६ आहे, १९७ आहे, १९८ नाही. तीन विचारणा, लांबी तीन. २११ सोडला. सर्वांत मोठी लांबी पाच, म्हणजे २९ जुलै ते २ ऑगस्ट.

किती विचारणा झाल्या ते मोजण्यासारखं आहे. वेगवेगळे आकडे नऊ. 'आधीचा आहे का?' हा प्रश्न प्रत्येकाला एकदा, म्हणजे नऊ वेळा. पुढे चालताना पाच, एक आणि तीन, म्हणजे पुन्हा नऊ. एकूण अठरा. हा योगायोग नाही. पाच कड्यांच्या साखळीवर चालताना चार वेळा 'आहे' आणि एकदा 'नाही' असं ऐकू येतं, म्हणजे विचारणा साखळीच्या लांबीइतक्याच. प्रत्येक आकडा एका आणि एकाच साखळीत असतो, म्हणून सगळ्या साखळ्यांच्या लांबीची बेरीज म्हणजेच आकड्यांची संख्या. तेव्हा वेगवेगळे आकडे कितीही असोत, साखळ्या कशाही असोत, विचारणा बरोबर दुप्पट होणार, एक कमी नाही की एक जास्त नाही. लाख आकडे सगळे सलग असोत किंवा लाख आकडे सगळे सुटे असोत, दोन्हीकडे दोन लाखच. पाचशे कोटींवरून आपण दोन लाखांवर आलो ते एका प्रश्नाच्या बळावर. या कृतीतलं मला सर्वांत देखणं वाटतं ते हेच, की खर्चाचा अंदाज बांधावा लागत नाही, तो नेमका मोजता येतो.

पायथन भाषेत हे असं लिहितात:

```python
def longest_run(nums):
    s = set(nums)
    best = 0
    for x in s:
        if x - 1 not in s:
            y = x
            while y + 1 in s:
                y += 1
            best = max(best, y - x + 1)
    return best
```

हा कोड पाहून शिकाऊ मंडळी बिचकतात, कारण `for` च्या पोटात `while` आहे. फेऱ्यात फेरा दिसला की काम वर्गाच्या पटीत वाढतं, असा ठोकताळा सगळ्यांच्या मनात बसलेला असतो. इथे तो लागू पडत नाही. आतला फेरा एखाद्या वेळी लाखभर पावलं चालेलही, पण त्या लाख कड्यांवर पुन्हा कुणी चालणार नाही. एका वेळचा फेरा किती लांब, हे पाहून इथे निर्णय करता येत नाही. सगळ्या फेऱ्यांतली पावलं मिळून किती, ते पाहावं लागतं.

आता तीच ओळ जराशी हलवून बघा. `for x in s` ऐवजी पुष्कळ जण `for x in nums` असं लिहितात, म्हणजे सेटवरून न फिरता मूळ यादीवरून फिरतात. उत्तर दोन्हीकडे तेच येतं आणि छोट्या चाचण्यांत वेळेतही फरक दिसत नाही. आपल्या यादीत दोनदा आलेला २१२ हा मधला दिवस होता. यादीवरून फिरलो असतो तर तो दोनदा तपासून दोनदा सोडला असता, नुकसान एका विचारणेचं. पण दोनदा आलेला दिवस २१० असता तर? तो पहिली कडी आहे, म्हणून पाच दिवसांची साखळी दोनदा चालावी लागली असती. हे आता मोठं करून बघा. यादीत १ हा आकडा एक लाख वेळा आहे आणि त्यानंतर २ पासून एक लाखापर्यंतचे आकडे एकेकदा आहेत. यादी दोन लाखांचीही नाही, पण १ ही पहिली कडी लाख वेळा भेटते आणि दर भेटीला लाख पावलांची साखळी पुन्हा चालावी लागते. एकूण एक हजार कोटी विचारणा. वर केलेला सगळा हिशोब 'प्रत्येक साखळी एकदाच चालायची' यावर उभा होता आणि यादीतल्या पुनरावृत्तीने नेमका तोच पाया काढून घेतला.

ही चूक फसवी आहे, कारण उत्तर बरोबर असतं. खऱ्या नोंदींत पुनरावृत्ती नेहमीचीच असते. एकच फाइल चुकून अनेकदा भरली गेली की झालं. ओळखायची खूण वेळेत आहे. मुद्दाम अशीच पुनरावृत्ती असलेली यादी घ्या आणि चालवून वेळ मोजा. मग आकडे दुप्पट करून पुन्हा मोजा. वेळ साधारण दुप्पट झाला तर सगळं ठीक. चौपट झाला तर कुठेतरी तीच वाट पुन्हा पुन्हा चालली जाते आहे.

दुसरा धोका कोडच्या ओळींत नाही, हॅश सेटच्या पोटात आहे. विचारणा बरोबर दुप्पट होतात हे खरं, पण एका विचारणेला किती वेळ लागतो? आकडे खणांत बऱ्यापैकी विखुरलेले असले तर एक-दोन आकडे तपासून काम भागतं. तेरा खणांच्या आपल्या तक्त्यात कुणी १३, २६, ३९, ५२ असेच आकडे आणून टाकले तर? सगळ्यांची बाकी शून्य. बारा खण रिकामे आणि एका खणात सगळी गर्दी. आता 'आहे का?' असं विचारलं की त्या खणातले सगळे आकडे एकेक करून पाहायचे, म्हणजे पुन्हा यादीच शोधत बसायचं. एकेक विचारणा यादीइतकी लांब झाली आणि काम वर्गाच्या पटीत गेलं. खऱ्या तक्त्यात खण तेरापेक्षा खूप जास्त असतात आणि ते वाढतही जातात, पण किती खण असतील हे ठरवणारा नियम जगजाहीर असेल तर त्याला गाठणारे आकडे निवडता येतात. प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याचा कोड पाडण्यासाठी असे आकडे मुद्दाम शोधून देतात. संगणकसुरक्षेतही हा प्रश्न जुना आहे. स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलॅक यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं होतं की निवडून काढलेला थोडासाच मजकूर पाठवून असे तक्ते वापरणारा सर्व्हर अक्षरशः रांगायला लावता येतो.

यावरचा उतारा लॅरी कार्टर आणि मार्क वेगमन यांच्या १९७९ च्या शोधनिबंधात आहे. पत्ता काढण्याचा नियम एकच ठेवायचा नाही. नियमांचं एक कुटुंब ठेवायचं आणि कार्यक्रम सुरू होताना त्यातला एक यदृच्छेने उचलायचा. तुमचा नियम कोणता ते समोरच्याला माहीत नाही, तेव्हा त्याला गर्दी करणारे आकडे आधीपासून निवडता येत नाहीत. म्हणून या कृतीला 'प्रमाणात वेळ' म्हणतात त्याचा काटेकोर अर्थ 'सरासरी अपेक्षेप्रमाणे प्रमाणात' असा आहे. अंगी यदृच्छा नसलेल्या साध्या तक्त्यावर सर्वांत वाईट यादीला वर्गाच्या पटीत वेळ लागू शकतो आणि हे मुलाखतीत न विचारता सांगणारा उमेदवार मला नेहमी जाणकार वाटतो.

पायथनचा स्वभाव इथे जरा वेगळा आहे. अक्षरमजकुराचा पत्ता तो यदृच्छेने बदलतो, पण पूर्णांकांचा बदलत नाही. लहान पूर्णांकाचा हॅश म्हणजे तोच पूर्णांक. अपवाद उणे एकचा, त्याचा हॅश उणे दोन येतो, कारण आतल्या यंत्रणेने उणे एक हा आकडा चूक झाल्याची खूण म्हणून राखून ठेवला आहे. शत्रूसमोर हे धोक्याचं आहे, पण पावसाच्या दिवसांसारख्या प्रामाणिक नोंदींना सोयीचं आहे. सलग आकडे सलग खणांत पडतात, टकरा जवळजवळ होत नाहीत आणि साखळीवर चालताना स्मृतीतही शेजारच्याच जागी पावलं पडतात.

स्मृतीतल्या जागेवरून आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुस्तकांत ती क्वचित येते. हॅश सेट वापरला म्हणून घड्याळातला वेळ कमी होईलच असं नाही. आकडे खणांत इतस्ततः विखुरले असतील तर प्रत्येक विचारणेला स्मृतीत लांब उडी मारावी लागते, आणि आजच्या संगणकात भागाकारापेक्षा अशी उडीच महाग. क्रम लावणारी पद्धत मात्र शेजारशेजारच्या जागा ओळीने वाचत जाते आणि प्रोसेसरला ते फार मानवतं. त्यात हॅश सेटला जागाही आकड्यांच्या कैकपट लागते. त्यामुळे यादी मध्यम आकाराची असेल आणि स्मृती मोजकी असेल, तर क्रम लावून एकदा डोळे फिरवण्याची जुनी पद्धत पुष्कळदा पुढे निघून जाते. दोन्ही लिहून, आपल्याच आकड्यांवर वेळ मोजून मग निवडावं, असं माझं मत आहे.

क्रम लावण्याचा पर्याय मुळीच कामाला येत नाही ती परिस्थिती वेगळी. नोंदी एकेक करून येत राहतात आणि प्रत्येक नोंदीनंतर आत्तापर्यंतची सर्वांत लांब साखळी लगेच सांगायची असते. दर वेळी सगळं पुन्हा लावणं परवडणारं नाही. इथे सेटऐवजी असा हॅश तक्ता घेतात की ज्यात प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या साखळीची लांबी लिहिलेली असते, आणि ती लांबी फक्त साखळीच्या दोन टोकांना बरोबर ठेवली तरी चालते. समजा २१०, २११, २१२ आले आहेत, म्हणजे २१० आणि २१२ या टोकांशी तीन लिहिलं आहे. २१४ सुटा आला आहे, त्याच्याशी एक. आता २१३ आला. डावीकडचा शेजारी २१२ म्हणतो तीन, उजवीकडचा २१४ म्हणतो एक. तीन, एक आणि हा स्वतः मिळून पाच. २१३ आता आला अशी नोंद करायची आणि ते पाच लिहायचं फक्त २१० आणि २१४ या नव्या टोकांशी. २१२ शी अजून जुना तीनच लिहिलेला राहील, पण तो आता साखळीच्या पोटात गेला. त्याला पुन्हा लांबी विचारायला कुणी येणार नाही, कारण त्याचे दोन्ही शेजारी येऊन गेले आहेत. येऊ शकतो तो फक्त पुन्हा आलेला शेजारी, २११ किंवा २१३. त्याला आत घेतलं तर तो २१२ चा शिळा आकडा वाचून चुकीची लांबी लिहील. म्हणून या पद्धतीत आलेला आकडा आधीच तक्त्यात आहे का हे सर्वांत आधी पाहतात, आणि असेल तर पुढचं काहीही न करता नवी नोंद घेतात.